दोनदा उतरलेला खांदा: एका सतरा वर्षांच्या फलंदाजाचे आठ महिने

हे प्रकरण पुण्यातल्या एका तरुण क्रिकेटपटूचं आहे. मी त्याची फिजिओथेरपिस्ट होते. त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. त्याला इथे ओम म्हणू.

पार्श्वभूमी

ओम सतरा वर्षांचा, अकरावीत शिकणारा, उजव्या हाताने खेळणारा वरच्या फळीतला फलंदाज. त्याची खरी ओळख मात्र कव्हरमधला फिल्डर म्हणून. चेंडू अडवून उठता उठता स्टंपवर फेकण्याबद्दल क्लबमध्ये त्याचं नाव होतं. डिसेंबरमधल्या एका सामन्यात त्याने उजवीकडे झेप घेतली. हात पुढे ताणलेला असतानाच तो जमिनीवर आपटला आणि खांदा उतरला.

जवळच्या रुग्णालयात खांदा बसवला, एक्स-रे काढला आणि तीन आठवडे हात झोळीत ठेवायला सांगितलं. झोळी निघाली तेव्हा दुखणं थांबलेलं होतं. हात डोक्यावर जात होता. पुढे काय करायचं हे कुणी नीट सांगितलं नाही, आणि घरच्यांनीही विचारलं नाही. सातव्या आठवड्यात ओम पुन्हा मैदानात होता.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो कव्हरलाच उभा होता. या वेळी तो पडला नाही, कुणाचा धक्काही लागला नाही. चेंडू उचलून फेकायला त्याने हात मागे नेला आणि खांदा पुन्हा उतरला. तो मला नंतर म्हणाला, “मॅडम, पहिल्या वेळी मी पडलो होतो. या वेळी तर मी काहीच केलं नव्हतं.” हे वाक्य मी तेव्हा फक्त वहीत लिहून घेतलं. त्याचं वजन मला सहा महिन्यांनी कळलं.

नेमकं काय बिघडलं होतं

खांद्याचा सांधा उथळ असतो. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या वाटीत बसतो ती लहान. ही वाटी थोडी खोल व्हावी म्हणून तिच्या कडेला लॅब्रम नावाची चिवट कूर्चेची कड असते. गोळा पुढच्या बाजूने निसटतो तेव्हा बहुतेक वेळा ही कड वाटीपासून सुटते. खांदा बसवला की गोळा जागेवर येतो, पण सुटलेली कड आपोआप नीट चिकटेलच असं नाही.

दुसऱ्या वेळेनंतर केलेल्या एमआरआयमध्ये हेच दिसलं. वाटीची पुढची-खालची कड सुटली होती. गोळ्याच्या मागच्या बाजूला, वाटीच्या काठावर आपटून, एक छोटी खोक पडली होती. सीटी स्कॅनमध्ये वाटीचं हाड फारसं झिजलेलं नव्हतं, आणि ही मोठी जमेची बाजू होती. हाडच झिजलं असतं तर नुसती कड शिवून भागलं नसतं, हाडाचा तुकडा बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागली असती.

फेकताना हात जिथे सर्वांत मागे जातो, म्हणजे दंड खांद्याच्या रेषेत आणि तळहात वर-मागे, तीच या खांद्याची सर्वांत कमकुवत स्थिती असते. गोळा पुढे ढकलला जातो, आणि नेमकी पुढचीच कड सुटलेली असते. म्हणून धक्का न लागताही खांदा निसटला. फलंदाजीत हात त्या स्थितीत जवळजवळ कधीच जात नाही. तोच खांदा फलंदाजाला पुरेसा असतो आणि फिल्डरला अपुरा पडतो. पुढचे सगळे पेच यातूनच निर्माण झाले.

समोरचे पर्याय

मार्चच्या सुरुवातीला शल्यविशारद, ओमचे आईवडील, त्याचे कोच आणि मी एकत्र बसलो. पर्याय दोनच होते.

पहिला: शस्त्रक्रिया टाळायची, चार-पाच महिने नीट व्यायाम करायचा, स्नायूंच्या बळावर सांधा सांभाळायचा. ओमच्या वडिलांचा कल इकडे होता. “एवढ्या लहान वयात चिरफाड कशाला?” असं ते म्हणत होते. त्यात गैर काही नव्हतं. पण खांदा विशीच्या आत उतरला असेल आणि खेळ फेकण्याचा किंवा पडण्याचा असेल, तर केवळ व्यायामावर विसंबलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा उतरतो. ओमचा तर आधीच दोनदा उतरला होता. प्रत्येक वेळी वाटीचं हाड थोडं झिजतं आणि आज सोपी असलेली शस्त्रक्रिया उद्या सोपी राहत नाही.

दुसरा पर्याय दुर्बिणीतून कड पुन्हा वाटीला शिवण्याचा. यात खांदा बऱ्यापैकी खात्रीने स्थिर होतो, पण धोका शून्यावर येत नाही. शिवाय किंमत असते: पूर्ण खेळायला सहा महिने तरी लागतात, फेकणाऱ्याला त्याहून जास्त, आणि हात बाहेरच्या बाजूला वळण्याची क्षमता थोडी कमी होऊ शकते. फेकण्याचा वेग त्या वळण्यावरच अवलंबून असतो.

ओमने एकच प्रश्न विचारला: “पहिल्यासारखा थ्रो येईल का?” शल्यविशारदांनी सरळ सांगितलं की शब्द देता येणार नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडला. ओमला आवडला नाही. तरी दोन दिवसांनी होकार त्यानेच दिला, वडिलांनी नाही. मार्चच्या मध्यावर शस्त्रक्रिया झाली. तीन अँकर, म्हणजे दोरा धरून ठेवणाऱ्या तीन बारीक खिळी, घालून कड शिवली गेली.

पहिले बारा आठवडे

सहा आठवडे झोळी, झोपतानाही. आईने दंडाखाली उशी ठेवून त्याला आरामखुर्चीत झोपवलं, कारण आडवं पडलं की खांदा मागे जायचा आणि दुखायचा. तिसऱ्या आठवड्यात अकरावीची परीक्षा आली. कोपर अंगाला टेकवून, वही पोटाजवळ ओढून तो लिहायला शिकला. या काळात व्यायाम म्हणजे बोटं, मनगट, कोपर हलवणं, खांद्याचं पातं मागे ओढून धरणं, आणि दुसऱ्या हाताचा आधार देऊन हात ठरलेल्या मर्यादेपर्यंतच वर नेणं. बाहेरच्या बाजूला वळवणं जवळपास बंद. शिवलेली कड हाडाला धरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात ती ताणली तर सगळंच वाया जातं.

झोळी निघाल्यावर हात काटकुळा दिसत होता. ओम आरशासमोर उभा राहून म्हणाला, “हा माझा नाहीये.” मग रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, कोपर आणि बरगडीच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी धरून, हात हळूहळू बाहेर ओढण्याचा व्यायाम सुरू झाला. भिंतीवर हात सरकवणं आलं, मग भिंतीला टेकून पुशअप. सगळं कंटाळवाणं, आणि प्रगती दिवसागणिक दिसत नाही. मी दर दोन आठवड्यांनी कोन मोजून वहीत आलेख काढायचे, तो त्याला दाखवायचे.

इथे माझी पहिली चूक झाली. बाराव्या आठवड्यात, कोपर अंगाशी धरून, ओमचा उजवा हात जेमतेम २५ अंश बाहेर वळत होता, तर डावा ७०. थोडी ओढ राहणं अपेक्षितच असतं, पण ही जास्त होती. सातव्या-आठव्या आठवड्यापासून हळूहळू वाढवायला मुभा होती. दोनदा उतरलेला खांदा म्हणून मी हात आखडता घेतला. पुढचे सहा आठवडे त्या अंशांच्या मागे धावण्यात गेले, आणि तोवर ओमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की हा हात आता असाच राहणार.

दुसरी चूक खांद्याबाहेरची होती. मी त्याला तीन महिने मैदानावर जाऊ नकोस म्हटलं होतं. भीती अशी की गेला की मोहाने चेंडू उचलेल. पण त्यामुळे तो संघापासून तुटला. आई सांगायची की तो मित्रांचे फोन घेत नाही. त्याला डाव्या हाताने झेल घेता आले असते, पायांचे व्यायाम संघासोबत करता आले असते, नुसतं गुणलेखन करता आलं असतं.

पहिला मोठा निर्णय: जुलैची चाचणी

सोळाव्या आठवड्यात, जुलैच्या सुरुवातीला, बॅट हातात आली. आधी टेनिस चेंडू, खाली टाकलेला, फक्त समोर खेळायचं. उजव्या हाताच्या फलंदाजाचा उजवा हात खालचा असतो. सरळ बॅटने खेळताना त्याच्यावर ताण कमी येतो, कट आणि पुल मारताना जास्त. म्हणून ते दोन्ही फटके शेवटी ठेवले. फलंदाजी अपेक्षेपेक्षा लवकर जमली आणि तिथेच पेच उभा राहिला.

जुलैअखेर एकोणीस वर्षांखालील निवड चाचणी होती. शस्त्रक्रियेला तेव्हा एकोणीस आठवडे होणार होते. वडील म्हणाले, “मॅडम, बॅटिंग तर करतोच आहे. एका दिवसाचा प्रश्न आहे. फिल्डिंगमध्ये जरा सांभाळून घेईल.” ओम गप्प होता. नंतर कळलं की त्याने कोच सरांना विचारलं होतं, शस्त्रक्रियेचं सांगितलं नाही तर चालेल का.

आम्ही तीन गोष्टींचा विचार केला. चाचणीत फिल्डिंग पाहिली जाणार आणि थ्रो मागितला जाणार, त्या दिवशी “सांभाळून” असं काही नसतं. दुसरं, तोवर त्याने एकदाही पूर्ण ताकदीने चेंडू फेकला नव्हता. तिसरं म्हणजे तो पुढच्या वर्षीही त्या वयोगटात बसत होता. या तिसऱ्या मुद्द्याने निर्णय झाला, आणि तो शेवटचं वर्ष असलेल्या मुलाच्या बाबतीत इतका सोपा गेला नसता हे मी मान्य करते. चाचणी सोडली. वडील नाराज झाले. ओम मात्र सुटल्यासारखा दिसला. त्याला तेव्हाच विचारायला हवं होतं की सुटका कशातून झाली.

थ्रो सुरू झाला आणि अडला

फेकायला परवानगी देण्याआधी काही गोष्टी तपासल्या. हात बाहेर वळवणाऱ्या स्नायूंची ताकद डाव्याच्या ९० टक्क्यांपर्यंत आली होती. ९१ सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांवर हात ठेवून, पुशअपच्या स्थितीत, १५ सेकंदांत आळीपाळीने हात पलीकडे टेकवायचे, ही चाचणीही झाली. तिथे २१ च्या पुढे समाधानकारक मानतात. ओमचे २२ झाले. विसाव्या आठवड्यात थ्रो सुरू केले: एक दिवसाआड, १० मीटर, २५ थ्रो, अर्ध्या ताकदीने.

कागदावर सगळं ठीक होतं. पण बाविसाव्या आठवड्यात मोबाइलवर संथ गतीत चित्रण पाहिलं तेव्हा दिसलं की त्याचं कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली राहतं. तो हात मागे नेतच नव्हता, बाजूने ढकलल्यासारखा फेकत होता. मी निष्कर्ष काढला की खांदा अजून आखडलेला आहे, आणि ताणाचे व्यायाम वाढवले. कोपर तसंच खाली राहिलं.

पुढच्या आठवड्यात तो दुखणारा खांदा घेऊन आला. खोदून विचारल्यावर सांगितलं की आदल्या संध्याकाळी पाऊस थांबल्यावर, इमारतीच्या मागच्या भिंतीवर त्याने एकट्याने चेंडू फेकले होते. किती? “साठ-सत्तर असतील. जोरात.” आमचा ठरलेला आकडा तेव्हा ३० होता. मी रागावले. मग विचारलं, का? तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, “मला बघायचं होतं की निसटतोय का. निसटायचाच असेल तर कुणी नसताना निसटू दे.”

पुन्हा निसटण्याचं दुखणं आणि अतिश्रमाचं दुखणं वेगळं ओळखता येतं. ओमला उताणं झोपवून हात फेकण्याच्या स्थितीत हळूच मागे नेला. निसटणारा खांदा असेल तर माणूस तिथे दचकतो, हात आवळतो, “नको” म्हणतो. शिवलेली कड घट्ट वाटत होती आणि गोळा पुढे सरकत नव्हता. दुखत होतं ते खांद्याच्या मागे, स्नायूंत, आणि ते चार दिवसांत उतरलं. म्हणजे सांधा शाबूत होता, नुकसान अतिश्रमाचं होतं. पण मी हात मागे नेत असताना त्याचा चेहरा आक्रसला होता, कपाळावर घाम होता, आणि विचारल्यावर तो म्हणाला, “दुखत नाहीये.”

तेव्हा मला फेब्रुवारीतलं वाक्य आठवलं: या वेळी तर मी काहीच केलं नव्हतं. पडून खांदा उतरला तर माणूस पडण्याला भितो. ओमचा खांदा तर त्याला सर्वांत उत्तम येणारी गोष्ट करताना उतरला होता. त्याचं कोपर आखडल्यामुळे खाली राहत नव्हतं. हात त्या एका जागी जायला नकार देत होता.

दुसरा मोठा निर्णय

दोन रस्ते होते. ठरलेला कार्यक्रम अंतर वाढवत पुढे न्यायचा आणि भीती आपोआप ओसरेल असं धरायचं, किंवा थ्रो थांबवून त्या एका स्थितीवरच काम करायचं. आम्ही दुसरा रस्ता घेतला. त्यात तीन आठवडे गेले.

खांदा निसटलेल्या खेळाडूंसाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. परतण्याची मानसिक तयारी शंभरपैकी किती, हे तिच्यातून कळतं. ओमचे ३८ आले. हा आकडा त्याने स्वतः पाहिला तेव्हा त्याला बरं वाटलं, हे मला अनपेक्षित होतं. इतके दिवस तो स्वतःला भित्रा समजत होता. आता ती कोनासारखी, ताकदीसारखी मोजता येणारी गोष्ट झाली होती.

मग उताणं झोपून, दंड खांद्याच्या रेषेत ठेवून, मी वरून सोडलेला अर्ध्या किलोचा चेंडू त्याने झेलायचा आणि परत वर टाकायचा. आधी कोपराखाली आधार, मग आधाराशिवाय. नंतर त्याच स्थितीत उभं राहून डोळे मिटायचे आणि मी हाताला हलके धक्के द्यायचे, कधी कुठून ते न सांगता. त्यानंतर गुडघ्यावर बसून पाच मीटरवरच्या जाळीत थ्रो, कारण पाय नसले की जोर काढायचा मोह होत नाही. प्रत्येक वेळी तो आधी सांगायचा की भीती दहापैकी किती. सुरुवातीला सात, तीन आठवड्यांनी दोन. कोपर वर यायला लागलं आणि त्याला तसं सांगावंही लागलं नाही.

सप्टेंबरच्या मध्यापासून अंतर वाढलं: १०, १५, २०, ३० मीटर. प्रत्येक टप्प्यावर किमान तीन सत्रं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नसेल तरच पुढचा टप्पा. मोजणी वहीत त्याच्याच हातची. एका आठवड्यातून दुसऱ्यात एकूण थ्रो एकदम वाढू द्यायचे नाहीत, हा नियम भिंतीवरच्या त्या संध्याकाळनंतर त्याला पटवून द्यावा लागला नाही. झेप मात्र गादीवर शिकवली. हात लांब ताणून थांबायचं नाही, छातीवर घसरत जायचं, आणि चेंडू आवाक्याबाहेर असेल तर सोडून द्यायचा. या शेवटच्या गोष्टीला त्याने सर्वांत जास्त विरोध केला.

परिणाम

तिसाव्या आठवड्यात प्रश्नावलीत ७१ आले. हात फेकण्याच्या स्थितीत बाहेर वळण्याचा कोन उजवीकडे ९८, डावीकडे १०६. उरलेले आठ अंश बहुधा परत येणार नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तेहेतिसाव्या आठवड्यात, तो क्लबच्या सामन्यात उतरला. पहिले दोन सामने कोच सरांनी त्याला स्लिपमध्ये उभं केलं, तिसऱ्यात मिडऑनला, चौथ्यात कव्हरला.

त्या चौथ्या सामन्याला मी गेले होते. थ्रो करायची वेळ तीनदा आली. दोन थ्रो वरून, नीट, एका टप्प्यात कीपरकडे. तिसऱ्या वेळी घाई होती, फलंदाज अर्ध्या खेळपट्टीवर होता, आणि ओमने खालून फेकला. धावबाद हुकला. चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, “माहितीये. पुन्हा कोपर खाली गेलं.”

पूर्वी तो सीमारेषेवरून थेट कीपरच्या हातात द्यायचा. आता एक टप्पा लागतो. फलंदाजी पहिल्यासारखीच आहे.

आज पुन्हा हेच प्रकरण आलं तर

पहिल्यांदा खांदा उतरला तेव्हाच एमआरआय व्हायला हवा होता, आणि या वयात तो पुन्हा उतरण्याची शक्यता किती मोठी आहे हे कुटुंबासमोर स्पष्ट बोललं जायला हवं होतं. त्यानंतरही त्यांनी शस्त्रक्रिया नको म्हटलं असतं तरी तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय ठरला असता. दुखणं थांबलं म्हणून सातव्या आठवड्यात मैदानात जाणं हा कुणीच न घेतलेला निर्णय होता.

माझ्या बाजूने मी ती प्रश्नावली बाराव्या आठवड्यातच भरून घेईन, थ्रो अडेपर्यंत थांबणार नाही. खांदा दुसऱ्यांदा कसा उतरला, पडून की फेकताना, हे पहिल्याच भेटीत विचारून त्यावर व्यायामाची आखणी करेन. मैदानावर जाऊ नकोस असं तर मुळीच सांगणार नाही.

शस्त्रक्रिया शेवटी खेळाचा हंगाम संपल्यावर ठेवता आली असती का, यावर शल्यविशारदांचं आणि माझं एकमत नाही. त्यांचं म्हणणं, मार्चमध्ये केली म्हणून नोव्हेंबर मिळाला. मला वाटतं, जुलैच्या चाचणीची तारीख डोक्यावर नसती तर ओमने ती संध्याकाळ भिंतीसमोर एकट्याने काढली नसती.

रबरी पट्टा अजून त्याच्या खिडकीच्या गजाला बांधलेला आहे. आठवड्यातून दोनदा तो व्यायाम करतो, आणि पुढच्या निवड चाचणीआधी, जूनमध्ये, आम्ही सगळे कोन आणि ते बारा प्रश्न पुन्हा तपासणार आहोत.